फोटोतला एक आकडा आणि मागणीची लवचिकता

मॅडमनी मागणीपत्रक, म्हणजे कुठल्या किमतीला किती मागणी याचा तक्ता, फळ्यावर लिहून दिलं, त्या दिवशी मी वर्गात नव्हते. रात्री मैत्रिणीने तिच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. दोन रकाने, पाच ओळी आणि खाली प्रश्न: प्रत्येक टप्प्यासाठी मध्यबिंदू पद्धतीने मागणीची किंमत लवचिकता काढा आणि उत्तराचा अर्थ लावा. गणित अर्ध्या तासाचं वाटलं होतं. ते दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्ण झालं, आणि लवचिकता, म्हणजे किमतीतल्या शेकडा बदलाच्या किती पट शेकडा बदल मागणीत होतो ते माप, मला नीट कळली ती या उशिरामुळेच.

फोटो तिरका होता. डावीकडची ओळ उजवीकडे जाताना वर चढत होती, त्यामुळे एका किमतीसमोर वरच्या ओळीचा नग वाचला जाण्याची भीती होती. म्हणून आधी फोटो फिरवून ओळी आडव्या केल्या आणि तक्ता कागदावर उतरवून घेतला. किंमत २० असताना मागणी ५०, १८ ला ६२, १६ ला ७८, १४ ला ८६ आणि १२ ला १००.

रकान्यांची शीर्षकं फोटोत कापली गेली होती. नग डझनात आहेत की शेकड्यात, हे कळायला मार्ग नव्हता. पण लवचिकतेला त्याने फरक पडत नाही. आपण टक्क्यांची टक्क्यांशी तुलना करतो, त्यामुळे एकक आपोआप गळून पडतं. कुठला रकाना किमतीचा, हे मात्र पक्कं हवं. ते उलटं धरलं तर प्रत्येक उत्तर व्यस्त होतं, दोनाच्या जागी अर्धा येतो आणि लवचिक मागणी अलवचिक ठरते. इथे डावा रकाना बरोबर दोन-दोनने उतरत होता. किंमत ठरवणारा माणूस अशाच सारख्या पायऱ्या घेतो, मागणी सहसा इतकी शिस्तीत चालत नाही. त्यावरून डावा रकाना किमतीचा धरला, आणि नंतर मैत्रिणीनेही तेच सांगितलं.

सूत्र असं आहे:

```
E = [(Q2 - Q1) / ((Q1 + Q2)/2)] ÷ [(P2 - P1) / ((P1 + P2)/2)]
```

`P` म्हणजे किंमत, `Q` म्हणजे मागणी. नेहमीच्या शेकडा पद्धतीत बदलाला सुरुवातीच्या आकड्याने भागतात. इथे दोन आकड्यांच्या सरासरीने भागायचं. पहिला टप्पा, २० वरून १८: मागणी १२ ने वाढली, ५० आणि ६२ ची सरासरी ५६, म्हणजे वाढ २१.४३ टक्के. किंमत २ ने उतरली, सरासरी १९, म्हणजे घट १०.५३ टक्के. भागाकार २.०४. चिन्ह उणे येतं, कारण किंमत आणि मागणी उलट दिशेने जातात. अर्थ लावताना ते सोडून देतात, पण मी कच्च्या कामात ठेवते. एखाद्या टप्प्यात अधिक चिन्ह आलं, तर ओळ चुकली हे लगेच दिसतं.

चारही टप्पे केले. २.०४, १.९४, ०.७३, ०.९८.

पडताळा म्हणून प्रत्येक किमतीला एकूण प्राप्ती काढली, म्हणजे किंमत गुणिले मागणी: १०००, १११६, १२४८, १२०४, १२००. नियम असा, की मागणी लवचिक असेल, म्हणजे उत्तर एकापेक्षा जास्त असेल, तर किंमत उतरवल्यावर प्राप्ती वाढते. एकापेक्षा कमी असेल तर घटते. पहिल्या दोन टप्प्यांत प्राप्ती वाढली होती, शेवटच्या दोन टप्प्यांत घटली होती. सगळं तंतोतंत जुळलं. मी वहीत लिहिलंसुद्धा, की १६ च्या खाली किंमत उतरवली तर प्राप्ती घटते.

वही मिटण्याआधी ती चार उत्तरं पुन्हा एकदा ओळीने वाचली आणि अडखळले. दोनाच्या आसपासची दोन उत्तरं, मग एकदम ०.७३, आणि पुन्हा वर ०.९८. किंमत सारख्या पायऱ्यांनी उतरत असताना लवचिकता साधारणपणे हळूहळू कमी होत जाते. याचं कारण सोपं आहे. किमतीतली तीच २ ची घट २० जवळ साडेदहा टक्के असते, १२ जवळ पंधरा टक्क्यांच्या पुढे जाते. मागणीकडे उलटं होतं: पाया ५० वरून १०० पर्यंत मोठा होत जातो, म्हणून तेवढीच वाढ टक्क्यांत लहान दिसते. मागणीतली वाढ साधारण सारखी राहिली तर उत्तरं एकामागून एक उतरायला हवीत. माझी उत्तरं खड्ड्यात पडून वर आली होती.

मग मागणीतल्या वाढी एकाखाली एक लिहिल्या: १२, १६, ८, १४. सोळा आणि आठ. एक टप्पा फुगलेला, त्याला लागून असलेला तेवढाच आकसलेला, आणि दोघांच्या मधे एकच आकडा: ७८. मागणीचा एखादा आकडा चुकीचा वाचला गेला की असंच होतं. तो आकडा एका टप्प्याचा शेवट असतो आणि पुढच्या टप्प्याची सुरुवात, म्हणून पाचाने जास्त वाचला तर आधीची वाढ पाचाने चढते आणि नंतरची पाचाने उतरते. चूक कधी एकटी येत नाही, शेजाऱ्याला घेऊन येते.

फोटो मोठा करून पाहिला. मैत्रीण आकडे इंग्रजीत लिहिते. इंग्रजी तीन आणि आठ यांच्यात फरक असतो तो डावीकडच्या उघड्या तोंडाचा. नेमकं तिथेच मागच्या पानावरची शाई उमटली होती आणि वरून मोबाइलची सावली. ती उघडी बाजू बंद दिसत होती. पण एवढ्यावर आकडा बदलणं मला पटेना. मागणी गुळगुळीतच वाढली पाहिजे असा काही नियम नाही. एखाद्या किमतीखाली ग्राहकांचा नवा गट येतो आणि खरोखरच एका टप्प्यात उडी दिसते. खड्ड्यावरून एवढंच कळतं, की इथे मूळ पान पुन्हा बघायला हवं. मी मैत्रिणीला लिहिलं, "अगं, तिसऱ्या ओळीत ७३ आहे का ७८?" सकाळी तिने उजेडात काढलेला फोटो पाठवला. ७३ होतं.

मधले दोन टप्पे नव्याने केले. १८ वरून १६: वाढ ११, सरासरी ६७.५, म्हणजे १६.३० टक्के. किमतीतली घट ११.७६ टक्के. उत्तर १.३९. १६ वरून १४: वाढ १३, सरासरी ७९.५, म्हणजे १६.३५ टक्के. किमतीतली घट १३.३३ टक्के. उत्तर १.२३. आता चारही उत्तरं २.०४, १.३९, १.२३, ०.९८ अशी पायरीपायरीने उतरली. १६ ची प्राप्ती १२४८ नसून ११६८ निघाली, आणि सर्वांत जास्त प्राप्ती १६ ला नाही तर १४ ला आली. एका अंकाच्या पोटातल्या रेघेने १६ ते १४ हा टप्पा अलवचिक ठरवला होता आणि निष्कर्ष उलटा केला होता.

मला जास्त विचार करायला लावला तो प्राप्तीच्या पडताळ्याने. तो चुकीच्या आकड्यावरही जुळला, तो कसा? कारण लवचिकता आणि प्राप्ती दोन्ही मी त्याच ७८ वरून काढल्या होत्या. तो पडताळा भागाकारातली चूक पकडतो, वाचनातली पकडूच शकत नाही. वाचनातली चूक ओळींची एकमेकींशी तुलना केल्यावरच दिसते.

पण भागाकारापुरता तो पडताळा फार पक्का आहे, आणि तो मध्यबिंदू पद्धतीतच इतका पक्का बसतो, हे शेवटच्या टप्प्यावर कळलं. १४ वरून १२ ला येताना प्राप्ती १२०४ वरून १२०० होते, म्हणजे चाराने घटते. मध्यबिंदूचं उत्तर ०.९८, जेमतेम अलवचिक, प्राप्तीशी जुळणारं. हाच टप्पा मी शेकडा पद्धतीने करून पाहिला. मागणी ८६ वर १४ ने वाढली, १६.२८ टक्के. किंमत १४ वर २ ने उतरली, १४.२९ टक्के. उत्तर १.१४, म्हणजे मागणी लवचिक! आणि प्राप्ती तर घटलेली. उलट्या दिशेने, १२ वरून १४ ला जाताना, तीच पद्धत ०.८४ सांगते. एकाच टप्प्याला दोन उत्तरं, आणि त्यातलं एक प्राप्तीच्या विरुद्ध.

सरासरीने भागलं की दिशा कुठलीही घ्या, उत्तर एकच राहतं. दोन्ही टोकांची प्राप्ती सारखी असेल तर उत्तर बरोबर एक येतं. हे बीजगणिताने दोन ओळींत सिद्ध होतं: सूत्र उणे एकाबरोबर ठेवा आणि तिरका गुणाकार करा, शेवटी `P1 × Q1 = P2 × Q2` उरतं. आर. जी. डी. अ‍ॅलन यांनी १९३० च्या दशकात कंस लवचिकतेसाठी, म्हणजे दोन किमतींमधल्या टप्प्याच्या लवचिकतेसाठी, हे माप सुचवलं, त्यामागे हेच गुण होते: दिशेने न बदलणं, एककाने न बदलणं आणि सारख्या प्राप्तीला एक येणं. वर्गात आम्ही हे सूत्र पाठ केलं होतं, ते असं का आहे ते मला इथे समजलं.

अर्थ लिहिताना मी दोन गोष्टींवर अडले. पहिली म्हणजे संपूर्ण तक्त्याला एकच आकडा देण्याचा मोह. २० आणि १२ ही टोकं घेतली तर उत्तर १.३३ येतं, आणि त्यावरून वाटतं की मागणी सगळीकडे लवचिक आहे. शेवटच्या टप्प्यात ती एकाखाली जाते, हे त्या आकड्यात बुडून जातं. १.३९ हा वस्तूचा कायमचा गुण नाही. त्याचा अर्थ एवढाच, की १८ ते १६ या पट्ट्यात किमतीत १ टक्का बदल झाला तर मागणी सरासरी १.३९ टक्क्यांनी उलट दिशेला सरकते, बाकीच्या गोष्टी, म्हणजे ग्राहकांचं उत्पन्न, पर्यायी वस्तूंच्या किमती, आवडी, जागच्या जागी असताना. दुसरी गोष्ट म्हणजे १४ ला "सर्वांत फायद्याची किंमत" म्हणणं. मी तसं लिहिलं होतं, ते खोडलं. प्राप्ती १४ ला सर्वांत जास्त आहे, पण १४ ला ८६ नग तयार करावे लागतात आणि १६ ला फक्त ७३. जास्तीच्या १३ नगांमागे प्राप्ती ३६ ने वाढते, म्हणजे नगामागे तीनपेक्षाही कमी. एक नग करायला त्याहून जास्त खर्च येत असेल तर नफा १६ ला जास्त पडेल, आणि खर्चाचा रकाना या तक्त्यात नाहीच.

शेवटी वहीत लिहिलं ते असं: २० ते १४ मागणी लवचिक, लवचिकता २.०४ वरून १.२३ पर्यंत उतरणारी. १४ ते १२ जवळजवळ एकक लवचिक, किंचित अलवचिक. समासात ७३ भोवती गोल केला आणि बाजूला "दुसऱ्या फोटोवरून" असं लिहिलं.