ड्यूक ३९० : क्विकशिफ्टर बसला, स्लिपर क्लचचं काम काही कमी झालं नाही

गाडी पुन्हा रस्त्यावर आली. केटीएमची जुनी ३७३ सीसीची ड्यूक ३९०. स्लिपर क्लच, म्हणजे खालचा गिअर टाकताना मागच्या चाकाला बसणारा झटका सोडून देणारा क्लच, कंपनीचाच आहे. क्विकशिफ्टर, म्हणजे क्लच न दाबता वरचा गिअर टाकू देणारी यंत्रणा, बाहेरून घेतलेला. बसवण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. गिअरच्या रॉडमध्ये सेन्सर गेला, इग्निशन कॉइलच्या वायरिंगमध्ये मॉड्यूल जोडलं आणि ते सीटखाली चिकटवलं. नाना पेठेत एका दुपारीच काम उरकलं. वेळ खाल्ला तो सेटिंगने, आणि नंतर मुळशीच्या पुढे चहाला थांबल्यावर एका मित्राने विचारलेल्या प्रश्नाने: "आता क्विकशिफ्टर आलाय, म्हणजे स्लिपर रिकामाच बसणार ना?"

नाही बसणार. का, ते आकड्यांनी बघू.

या गाडीचा दुसरा गिअर १.८६ आणि तिसरा १.४२ रेशोचा. स्टॉक स्प्रॉकेट आणि स्टॉक टायर धरून दुसऱ्यात ९,००० आरपीएमला गाडी साधारण ताशी ६९ किमीने जाते. त्याच वेगाला तिसऱ्यात इंजिन हवं सुमारे ६,९०० वर. म्हणजे वर शिफ्ट करताना इंजिन दोनएक हजारांनी जास्त जोरात फिरत असतं. आता उलट बघा. ताशी ६० ला तिसऱ्यात इंजिन ६,००० च्या आसपास असतं, दुसऱ्यात तेच ७,८०० हवं. खाली शिफ्ट करताना इंजिन अठराशेने मागे पडलेलं असतं. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. दोन्ही यंत्रणांचं भांडण याच फरकाशी आहे, फक्त दोघींचं क्षेत्र वेगळं.

आधी वर जाण्याचं. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळलेला असताना गिअरचे डॉग, म्हणजे एकमेकांत अडकणारे दाते, ताकदीने दाबलेले असतात. ते सहज सुटू नयेत म्हणून त्यांच्या कडा मुद्दाम किंचित आत तिरक्या घासलेल्या असतात. पायाने लिव्हर ढकलली तरी ताण आहे तोवर ते सोडत नाहीत. आपण क्लच दाबतो किंवा थ्रॉटल क्षणभर सोडतो ते हा ताण काढायला. क्विकशिफ्टर तेच काम पायाचा दाब ओळखून करतो: काही मिलिसेकंद ठिणगी बंद, ताण गेला, डॉग सुटले, पुढचा गिअर बसला, ठिणगी परत चालू. हात जागचा हलत नाही.

ही बंद ठेवण्याची वेळ म्हणजेच सेटिंग. माझ्या गाडीवर ९,००० च्या आसपास ६० मिलिसेकंद छान बसले. ४,००० ला तेवढेच ठेवले तर गिअर अर्धवट जातो, तिथे ८५ लागले. वेळ कमी पडली की लिव्हर अडखळते, आणि वाईटात वाईट म्हणजे दोन गिअरच्या मध्ये खोटा न्यूट्रल लागून इंजिन एकदम किंचाळतं. वेळ जास्त झाली की गाडी नाक खाली घालते आणि ठिणगी परत आल्यावर चेन फटकन ताणली जाते. हेल्मेट पुढे डुलतंय का, एवढं बघितलं तरी समजतं. मी आधी वेळ मुद्दाम जास्त ठेवून पाचपाच मिलिसेकंदांनी खाली आलो. अर्धवट गिअर घालून डॉगच्या कडा गोल करण्यापेक्षा मान डुललेली बरी.

इथे स्लिपरचा उपयोग नाही. वर शिफ्ट करताना इंजिन चाकाला पुढे ढकलत असतं, आणि त्या दिशेला हा क्लच उलट जास्त घट्ट होतो. आतल्या हबवर आणि प्रेशर प्लेटवर तिरपे उतार आहेत. बाटलीच्या झाकणासारखं समजा: एकीकडे फिरवलं की आवळतं, दुसरीकडे फिरवलं की सैल होतं. इंजिनची ताकद पुढे जाताना प्लेटा आवळल्या जातात, म्हणून स्प्रिंग्ज हलक्या चालतात आणि क्लचची लिव्हर बोटाने दाबता येते. लकडी पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये मला या क्लचचं सगळ्यात मोठं सुख हेच वाटतं, कोणी काही म्हणो.

आता खाली येण्याचं. ताम्हिणी उतरताना वळणाआधी पुढचा ब्रेक लागलाय, वजन पुढे गेलंय, मागचं टायर रस्त्याला जेमतेम धरून आहे. अशात तिसऱ्यावरून दुसरा टाकून क्लच सोडला की मागे पडलेलं इंजिन ओढून वर आणायची जबाबदारी त्या हलक्या झालेल्या टायरवर येते. साध्या क्लचवर टायर क्षणभर अडकतं, सुटतं, परत अडकतं. मागची बाजू उड्या मारते. स्लिपरमध्ये चाक इंजिनला ओढू लागलं की तेच उतार प्रेशर प्लेट किंचित उचलतात, प्लेटा घसरतात आणि इंजिन हळू हळू वर येतं. आरपीएम जुळले की पकड परत. जोरात काम करत असेल तर लिव्हरवर ठेवलेल्या बोटाला बारीक थरथर जाणवते. ती बिघाडाची खूण नव्हे.

म्हणून "स्लिपर असला की इंजिन ब्रेकिंग जातं" हे ऐकीव खरं नाही. तो फक्त ठरावीक मर्यादेवरचा धक्का सोडून देतो. दुसऱ्यात घाट उतरताना गाडी नेहमीसारखीच धरून ठेवते.

माझा क्विकशिफ्टर इथे काही करत नाही, करूही शकत नाही. थ्रॉटल बंद असताना इंजिन आधीच ताकद देत नसतं, डॉग उलट बाजूने दाबलेले असतात, तिथे ठिणगी तोडून काय सुटणार? त्यासाठी थ्रॉटल क्षणभर उघडावं लागतं, आणि ते ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, हातात आहे. नव्या ३९९ सीसीच्या ड्यूकमध्ये दोन्ही बाजूंचा क्विकशिफ्टर येतो तो असाच चालतो: इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल स्वतः पिळून आरपीएम वर नेतो, डॉग सुटतात आणि खालचा गिअर बसतो. बाहेरच्या मॉड्यूलला फक्त कॉइल दिसते. त्यामुळे खाली येताना माझा क्लच आणि हाताने दिलेला ब्लिप, म्हणजे थ्रॉटलला क्षणभर दिलेला पीळ, चालूच आहे. ब्लिप थोडा चुकला तर स्लिपर सांभाळतो.

पण किती सांभाळेल? ताशी ६० ला चुकून पहिला पडला तर हिशोबाने इंजिन ११,२०० वर जायला हवं, आणि लाल रेषा दहा हजारांच्या आसपास आहे. रेव्ह लिमिटर ठिणगी तोडतो, चाकाने इंजिन फिरवणं तो थांबवू शकत नाही. स्लिपर थोडा वेळ मिळवून देतो, इतकंच.

क्लच उघडला होता तेव्हा बास्केटची, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या डब्याची, बोटं पाहून घेतली. प्लेटांनी तिथे खाचा पाडल्या की घसरणं आणि परत धरणं धक्क्याधक्क्याने होतं. माझ्या बास्केटवर फक्त चकाकी होती, खाच नाही. ऑइल जासो एमए-टू मानांकनाचंच, कारचं नको. वर चढताना आरपीएम वाढून वेग वाढत नसेल तर दोष स्लिपरला देण्याआधी केबलचा फ्री प्ले बघा. केबल ताणलेली राहिली तर प्लेटा पूर्ण दाबल्याच जात नाहीत.

बाकी आहे ते सेन्सरचं. संवेदनशीलता जास्त ठेवल्याने पौड रस्त्यावरच्या स्पीडब्रेकरवर बूट नुसता लिव्हरला लागला तरी ठिणगी तुटायची. दोन पायऱ्या खाली आणली, आता थांबलंय. तीन हजारांखाली मॉड्यूल बंदच ठेवलंय. पुढच्या वेळी मागच्या हबमधले झटका शोषणारे रबर बदलणार आहे. दुसऱ्यावरून तिसऱ्यात उरलेला हलका ठोका त्यांचाच असावा.