नानाची आई तिथे काय करत होती?

एका ओळखीच्या सरांनी सातवीच्या मुलांसाठी पानिपतावर आठ मिनिटांच्या व्हिडिओची स्क्रिप्ट लिहिली होती, मला म्हणाले जरा बघ, गोष्टीसारखी करून दे. सुरुवात अशी, "अठराव्या शतकाच्या मध्यास मराठी सत्ता उत्तरेत विस्तारली होती." पुढे कारणं, घटना, परिणाम. चूक एकही नाही. पण मी गंमत म्हणून मधले दोन परिच्छेद अदलाबदल करून सरांना वाचून दाखवले तर त्यांच्याही लक्षात आलं नाही. तिथेच रोग सापडला, एक गोष्ट दुसरीमुळे घडतच नव्हती, सगळं नुसतं शेजारी शेजारी बसलेलं, लोकलमधल्या अनोळखी माणसांसारखं.

मग नायक शोधणं आलं. भाऊसाहेब पहिले आठवतात, पण त्यांच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला ते परत आलेच नाहीत, म्हणजे मनातलं सगळं मलाच बनवावं लागणार. विश्वासरावांचंही तेच. मग आठवला नाना फडणवीस. हा चक्क तिथे होता! जन्म फेब्रुवारी 1742 चा, म्हणजे 14 जानेवारी 1761 ला एकोणीस पूर्ण व्हायला महिनाभर कमी. आई आणि बायको बरोबर, कारण घरचे लोक तीर्थयात्रेला म्हणून फौजेसोबत निघाले होते. तो कपडे टाकून पायी जीव वाचवून सुटला, बायको नंतर सुखरूप भेटली, आई मात्र गेली. आणि हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. आठवणीतून लिहिलेलं, त्यामुळे प्रत्येक तपशील डोळे झाकून घ्यायचा नाही, पण निदान मुलगा काय बघत होता ते आपल्या मनाचं नाही.

प्रश्न मात्र तीनदा बदलला. आधी "मराठे का हरले?" लिहिलं, पण तो पेपरातला प्रश्न झाला, ऐकणाऱ्याला लगेच पाच मुद्दे आठवतात आणि तो उठून पाणी प्यायला जातो. मग लिहिलं "नानाची आई सुटेल का?" हे धरून ठेवतं खरं, पण कुणाच्या तरी खऱ्या आईला आमिष केल्यासारखं वाटलं, आणि उत्तर मिळालं की पानिपताबद्दल काहीच कळलेलं नसतं, खोडलं. तिसरा साधा होता, लढायला निघालेल्या फौजेत नानाची आई काय करत होती?

आणि या प्रश्नाने कामच सोपं केलं. मार्च 1760 मध्ये दक्षिणेतून निघालेल्या फौजेबरोबर बायकामुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे, एवढी तोंडं, म्हणून चाल मंद, म्हणून धान्याची सततची काळजी. बायकामुलं आणि जड सामान मागे ठेवा असं सूरजमल जाटाने सांगितल्याचं म्हणतात, ऐकलं गेलं नाही. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, ऑक्टोबरमध्ये आणखी उत्तरेला जाऊन कुंजपुरा घेतलं, तिथे धान्य मिळालं, जरा बरं वाटलं, आणि त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला. म्हणजे मराठे वर, तो खाली, दिल्लीची वाट त्याच्या हातात. भाचीला फोनवर कच्चं रेकॉर्डिंग ऐकवत होतो, इथे ती म्हणाली, "अरे मामा, मग आता आईला घरी पाठवणार कसं?" म्हणजे प्रश्न आपोआप उलटला होता, आई का आली यावरून आई परत का जाऊ शकत नाही यावर. पुढचे अडीच महिने पानिपतावर अडकून पडणं, रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर तिची आशा तुटणं, उपाशी फौजेने शेवटी बाहेर पडून लढायचं ठरवणं, हे सगळं त्या एका उलट्या प्रश्नाला लटकून आलं.

एक मोह फार झाला, आई आणि नानाचे संवाद लिहायचे. "बाळा, दिल्ली किती लांब?" वगैरे. लिहिलेसुद्धा, मग काढले, कारण मुलं ते खरंच बोलले असं धरतात. त्याऐवजी "नानाला कळलं असेल का?" असं विचारून पुढे जायचं, कल्पना आहे हे ऐकताना कळतं.

सर वाचून म्हणाले, छान आहे, पण परीक्षेत कारणं लिहायची असतात, ती कुठे गेली? बसून मोजली, धान्य, संथ चाल, तुटलेली वाट, आटलेली रसद, सगळी होती, फक्त नंबर नव्हते. राहिला तो मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी. त्याच्या तोफा आणि गारद्यांची कवायती पलटण न सांगता लढाई सांगता येत नाही, आणि नानाच्या आईच्या प्रश्नाला त्याचा धागा काही केल्या बसेना. शेवटी गोष्ट थांबवून सरळ माहिती दिली, चाळीस सेकंद. भाचीने नेमका तेव्हाच बिस्किटांचा डबा उघडला.