दुसऱ्या वाढदिवसाची भातुकली

आमच्या लेकाचा वाढदिवस येतो गणपतीच्या तोंडावर. म्हणजे घरात चाकरमानी भरलेले आणि प्रत्येकाच्या पिशवीत त्याच्यासाठी काहीतरी. पहिल्या वाढदिवसाला आलेल्या खेळण्यांपैकी निम्मी बटण दाबलं की गाणारी होती. एका गाडीला आवाज कमी करायची सोयच नव्हती, आणि सासूबाईंना आरतीच्या वेळी ती उशीखाली दाबून ठेवावी लागायची. म्हणून यंदा आषाढातच मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, की वेगवेगळं काही आणू नका, सगळ्यांचा मिळून एकच आहेर करू या, आणि तो सावंतवाडीहून मी आणते.

वन्सं नाराज झाल्या. मुलाच्या हातात आपली वस्तू द्यायला कोणाला नाही आवडत? त्यांना मी एका अभ्यासाबद्दल सांगितलं. अमेरिकेत 2018 साली दीड ते अडीच वर्षांच्या मुलांसमोर एकदा चार खेळणी ठेवली आणि एकदा सोळा. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आवाजाच्या खेळण्यांवरचा दुसरा एक अभ्यास 2016 मध्ये छापून आला. त्यातली मुलं आणखी लहान, दहा ते सोळा महिन्यांची होती. खेळणं स्वतः बोलायला-गायला लागलं की आईबाप गप्प होतात आणि मूलही कमी आवाज काढतं, असं त्यात दिसलं. पुस्तक किंवा साधी खेळणी हातात असताना मोठी माणसं कितीतरी जास्त बोलत होती. आमचा लेक तेव्हा दोन-दोन शब्द जोडू लागला होता, "बाबा गेलो", "आजी, पानी". या दिवसांत त्याच्याशी बोलणारं माणूस हवं, गाणारी पेटी नको, हे वन्संनाही पटलं.

भातुकली ठरवली त्यामागे कारण होतं. दोन वर्षांच्या आसपास मुलं खोटं खोटं खेळायला लागतात. आधी रिकामा पेला स्वतःच्या तोंडाला लावतात, मग बाहुलीच्या, मग दोन-तीन कृती एकामागून एक जोडतात: टोपात घालायचं, ढवळायचं, वाढायचं. घरात दिवसभर पाहिलेलंच हे सगळं असतं, त्यामुळे शिकवावं लागत नाही. मुलगा आहे म्हणून भातुकली कशाला, असा प्रश्न आमच्याकडे कोणी विचारला नाही. त्याचे आजोबा गणपतीत मोदकांचं सारण स्वतः करतात.

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं, भाज्या आणि भातुकलीचे संच मांडलेले असतात. दिसायला सगळंच गोजिरं. पण नेहमीचा संच दोन वर्षांच्या मुलासाठी नसतो, हे आधी समजून घ्यायला हवं. त्यातल्या वाट्या, झाकणं, पळ्या अगदी इवल्या असतात, बोटाच्या पेराएवढ्या. मोठ्या मुलींनी मांडून खेळायच्या त्या वस्तू. दोन वर्षांच्या मुलाच्या मागच्या मोठ्या दाढा साधारण याच सुमाराला यायला लागतात, त्यामुळे हाती लागेल ते तोंडात जातं.

शिवाय इथे शिक्क्यावर अवलंबून राहता येत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो. साध्या खेळण्यांना IS 9873, विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यांना IS 15644. खाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो BIS Care या ॲपवर टाकून पाहता येतो. मात्र हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना यातून सूट आहे. ती योग्यच आहे, घरच्या लेथवर काम करणाऱ्याला प्रयोगशाळेचा खर्च कसा परवडणार? पण सूट असल्यामुळे तपासायचं काम आपल्याकडे येतं.

त्यासाठी मी लग्नपत्रिकेचा जाड कागद गुंडाळून, चिकटपट्टी लावून एक नळी करून नेली होती. आतून चार सेंटीमीटर रुंद आणि साधारण सहा सेंटीमीटर लांब. मानकातली तपासणीची नळी आतून 31.7 मिलिमीटर रुंद असते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा कुठलाही सुटा भाग तिच्यात पूर्ण मावला, तर तो घशात अडकू शकतो असं धरतात. चेंडूसारख्या गोल वस्तूंना त्याहून कडक माप लावतात, 44.5 मिलिमीटर. कारण गोल वस्तू श्वासनलिकेच्या तोंडावर बुचासारखी घट्ट बसते. म्हणून मी नळी मुद्दाम मोठी केली आणि गोल वस्तूंना तीही पुरेशी न मानता पट्टीने मोजायचं ठरवलं.

दुकानातल्या काकांना मी नळी दाखवली, तर त्यांनी स्वतःच एकेक वस्तू तिच्यात टाकून बघायला सुरुवात केली. संचातल्या वाट्या, झाकणं, पोळपाटावरचं लाटणं, सगळं सरळ आत गेलं. "ह्या न्हान पोराक देव नको गो," म्हणत त्यांनी संच मागे सरकवला आणि सुटी फळं पुढे घेतली. आंबा, केळं, वांगं आणि पेरू नळीच्या तोंडावरच थांबले. लिंबू आत गेलं नाही, पण पट्टीवर सव्वाचार सेंटीमीटर भरलं, म्हणून बाजूला ठेवलं. मिरची आणि द्राक्षांचा घोस हातात घ्यायचंही कारण नव्हतं.

मग देठ. लाकडी फळात सगळ्यात आधी सुटतो तो देठच, कारण तो वेगळा करून भोकात चिकटवलेला असतो. काकांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक देठ चिमटीत धरून आधी पिळला आणि मग ओढला. एका वांग्याचा देठ किंचित हलला. हललेला देठ घरी चार वेळा लादीवर आपटला की निघणारच, म्हणून ते वांगं परत केलं. आंब्याचा देठ त्याच लाकडात कोरलेला निघाला. निवडायला मिळत असेल तर असाच घ्यावा. शेवटी सगळ्या वस्तूंवरून जुना नायलॉनचा मोजा फिरवला. जिथे कूस असते तिथे धागा अडकतो. बोटाला जाणवत नाही इतकी बारीक कूसही मोज्याला सापडते. टोपाच्या आतल्या कडेला एका जागी मोजा अडकला, तेव्हा काकांनी तिथेच पॉलिश पेपरने घासून दिलं.

रंगाच्या बाबतीत मात्र दुकानात उभं राहून फार काही कळत नाही. ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात पुसून बघता येतं. रंग फडक्यावर उतरला तर ती वस्तू घ्यायचीच नाही. पण रंग उतरला नाही म्हणजे त्यात शिसं नाही, असं मुळीच नाही. ते प्रयोगशाळेतच समजतं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या आत हवं असा नियम 2017 पासून लागू आहे, तरी कारागिराने कोणता डबा वापरला हे आपण विचारलंच पाहिजे. म्हणून जे थेट तोंडात जाणार, ते मी बिनरंगी मागितलं. टोप, दोन मोठ्या वाट्या आणि पळी नुसत्या लाकडाच्या करून द्यायला काका कबूल झाले. पळीबद्दल आम्ही बराच वेळ बोललो. लांब, बारीक दांडी नळीत पूर्ण मावत नाही, म्हणजे नळीच्या तपासणीत पास होते. पण मूल ती तोंडात धरून धावलं आणि पडलं तर टाळूला लागते. तेव्हा दांडी आखूड, अंगठ्याएवढी जाड आणि टोकाला गोळा असलेली करायची ठरली.

संचात बाकी घरचंच घातलं. बांबूची छोटी रोवळी, आणि करवंट्या. करवंटीची कड आधी फरशीवर आणि मग पॉलिश पेपरवर घासली, तीवरूनही मोजा फिरवला. वाळू, पाणी, तांदूळ, सगळं ओतायला करवंटीसारखं भांडं नाही. फक्त पाण्याचा खेळ झाला की बादली लगेच उपडी करायची. इतक्या लहान मुलाला तळाशी उरलेलं थोडं पाणीही धोक्याचं असतं.

लाकूडही वाजतंच. लादीवर टोप आपटला की खणखणीत आवाज येतो. खाली जाड चटई आणि तिच्यावर गोधडी घातली तेव्हा बाजूच्या खोलीत सासरे दुपारी झोपू शकले.

सांगूनही दोघांनी आणायचं ते आणलंच. मुंबईच्या काकांची पोलीस गाडी आणि कोणीतरी दिलेलं गाणारं शुभेच्छापत्र. गाडीचा आवाज जिथून येतो त्या भोकांवर आतल्या बाजूने रुंद चिकटपट्टीचे दोन थर लावले. आवाज बराच दबला. बॅटरीच्या झाकणाला स्क्रू होता, म्हणून ती ठेवली. शुभेच्छापत्र मी त्याच दिवशी काढून टाकलं. त्यात बटणासारखा चपटा सेल असतो आणि तो नुसत्या कागदाखाली. असा सेल गिळून अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजून भोक पडू शकतं. नेमकं काय गिळलं हे समजलं नाही, पण सेल सापडत नाही आणि मुलाची लाळ गळतेय किंवा ते गिळायला रडतंय, तर उलटी करवायला न बघता सरळ एक्स-रेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं. गाणाऱ्या मेणबत्तीतही असाच सेल असतो. फुगे आम्ही उंच बांधले आणि फुटलेल्यांचे तुकडे लगेच वेचले, कारण रबराचा तुकडा घशावर चिकटून बसतो.

वाढदिवशी संध्याकाळी त्याने वांगं टोपात टाकलं, पळीने ढवळलं, पळी तोंडाशी आणली आणि आधी फुंकर मारली. मग ती वन्संच्या तोंडापुढे धरली. वन्संनी "मीठ कमी हा रे" म्हटल्यावर तो रोवळीपर्यंत जाऊन मुठीत काहीच नसलेलं मीठ घेऊन आला. "मीठ" हा शब्द त्याने तेव्हाच उचलला.

या हवेत लाकूड जपावं लागतं. भिजत ठेवून धुवायचं नाही, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करायचं. पावसाळ्यात बंद डब्यात ठेवलं तर बुरशी धरते, म्हणून सगळं उघड्या टोपलीत असतं. ऑक्टोबरात सावलीत वाळवताना पेरूला केसाएवढी चीर दिसली. पेरू सध्या काढून ठेवलाय, दुकानातल्या काकांकडे पुन्हा जाणं होईल तेव्हा बुजवून घेईन. लिंबू आणि इवल्या वाट्यांचा संचही मागवायचाय, पण तो त्याला तीन पूर्ण झाल्यावर.