तिसऱ्या घंटेच्या आधी

«आमच्या शाळेच्या नाटकाचं तीन कॅमेऱ्यांनी रेकॉर्डिंग करायचंय. शाळेच्या संग्रहात कायमचं ठेवायला हवंय. आखणी कशी करावी?»

आधी एकच कॅमेरा पक्का करा: प्रेक्षागृहात मागे, मधोमध, अख्खा रंगमंच दिसणारा आणि पहिल्या प्रवेशापासून शेवटच्या पडद्यापर्यंत जागचा न हलणारा. पुढे कुणी हेच नाटक पुन्हा बसवायला घेतलं, तर कोण कुठल्या विंगेतून आलं आणि मागे उभी असलेली पोरं काय करत होती, हे त्याला यातच सापडणार. बाकीचे दोन कॅमेरे चेहऱ्यांसाठी. त्यांच्यातला एखादा चुकला तर निभावतं, हा चुकला तर संग्रहाची प्रतच उरत नाही.

लेन्सचा हिशेब घरी बसून करता येतो. सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले जेवढं रुंद दिसायला हवं ते. समजा रंगमंच १० मीटर रुंद आहे, दोन्ही बाजूंना एकेक मीटर मोकळं धरून १२, आणि कॅमेरा २० मीटरवर आहे. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो, म्हणजे ३६ × २० ÷ १२ = ६० मिमी. याच जागेवरून एका मुलाभोवतीची दीड मीटर रुंदीची चौकट हवी असेल तर ४८० मिमी लागेल, आणि तेवढी लेन्स शाळेला कोण देणार? म्हणून चेहऱ्यांचे कॅमेरे पुढे, साधारण ८ मीटरवर, डावी-उजवीकडे ठेवा. तिथून २०० मिमीत काम भागतं. मागच्या कॅमेऱ्याची लेन्स उभ्या माणसाच्या डोक्यापेक्षा वर असू द्या. आपलं मूल रंगमंचावर आलं की आईबाबा मोबाइल उंचावून उभे राहतातच. ट्रायपॉड मात्र लोक ये-जा करतात त्या लाकडी फळ्यांवर नको. प्रत्येक पावलाला चित्र थरथरतं.

तिन्ही कॅमेऱ्यांवर २५ फ्रेम, शटर १/५०, आणि एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे या शटरला ट्यूबलाइटची लुकलुक सहसा येत नाही. स्वस्त एलईडी पार दिव्यांची खात्री नाही, ते रंगीत तालमीतच तपासायला हवेत. एक्स्पोजर ऑटोवर ठेवलं की कॅमेरा मागच्या काळ्या पडद्याकडे बघून उजेड वाढवतो आणि पुढचे चेहरे पांढरेफटक होतात. तालमीत सर्वांत जास्त उजेडात येणारा चेहरा शोधा आणि त्याच्यावर एक्स्पोजर बांधा. अंधाराचे प्रवेश अंधारेच दिसू द्यावेत, ते तसेच बसवलेले आहेत.

आवाजासाठी मिक्सरमधून एक आउटपुट वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या, ४८ किलोहर्ट्झवर. रेकॉर्डरचं इनपुट ‘लाइन’वर आहे ना, हे बघा. ‘माइक’वर राहिलं तर आवाज फाटतो आणि नंतर तो दुरुस्त होत नाही. पण मिक्सरमध्ये फक्त माइकवालीच मुलं असतात. हशा, टाळ्या, कोरसमधली पोरं त्यात नसतात. त्यासाठी रंगमंचासमोर एक स्टिरिओ माइक लावून तो दुसऱ्या ट्रॅकवर घ्या.

आता जुळवणी. दुसऱ्या घंटेला तिन्ही कॅमेरे आणि रेकॉर्डर सुरू करा. मग कुणीतरी पडद्यापुढे येऊन तिन्ही कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक टाळी वाजवावी. संकलनात ती टाळी कानांनी नव्हे, डोळ्यांनी जुळवायची. आवाजाला २० मीटर जायला सुमारे ५८ मिलिसेकंद लागतात आणि एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. सॉफ्टवेअरने आवाजावरून जुळवलं तर मागच्या कॅमेऱ्याचं चित्र दीड फ्रेम सरकतं आणि ओठ चुकल्यासारखे वाटतात. शिवाय प्रत्येक यंत्राचं घड्याळ थोडं वेगळं चालतं, त्यामुळे दीड तासात जुळणी ढळू शकते. मध्यंतरात बॅटरी बदलायला थांबणारच आहात, तर दुसऱ्या अंकाआधी पुन्हा एक टाळी.

काही फोटो कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप रेकॉर्डिंग थांबवतात. तसला कॅमेरा मागच्या जागी कधीच नको. कार्डाचं गणित सोपं आहे: ५० एमबीपीएसला तासाला साधारण २२.५ जीबी, म्हणजे दीड तासाला ३४ जीबी. ६४ जीबीचं कार्ड पुरतं, फक्त ते आदल्या दिवशी कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलेलं असावं.

संकलित फाइलसोबत मागच्या कॅमेऱ्याची मूळ फाइलही न कापता, न बदलता ठेवा. तीन प्रती करा, त्यातली एक शाळेबाहेर. त्याच फोल्डरमध्ये नाटकाचं व लेखकाचं नाव, तारीख, पात्रयोजना, पालकांची संमती आणि लेखकाची परवानगी असू द्या. प्रयोगाची परवानगी आणि चित्रीकरणाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही लेखी घ्या. आणि कार्ड तिन्ही प्रती उघडून, मधूनमधून चालवून बघितल्यावरच पुसा.