तुम्ही विचारलंत म्हणून: ठिपक्याचं माप

"तारा दुर्बिणीतूनही ठिपकाच दिसतो, मग जोडीतल्या दोन्ही ताऱ्यांची मापं नुसत्या प्रकाशाच्या आलेखावरून कशी काढता?"

घड्याळावरून. एकमेकांना ग्रहण लावणाऱ्या युग्मताऱ्यांचा प्रकाश कधी ढळू लागला, कधी तळाला टेकला, कधी तळ सोडला आणि कधी पूर्ववत झाला, या चार क्षणांत जवळजवळ सगळं येतं.

हिशेबासाठी एक जोडी कल्पू. कक्षा वर्तुळाकार, आपल्याला अगदी कडेवरून दिसणारी, फेरी 96 तासांची. लहान तारा जास्त तप्त आहे. तो मोठ्याच्या मागे जातो तेव्हा 2 तास प्रकाश उतरतो, 4 तास सपाट राहतो, मग 2 तासांत परत चढतो. उतरायच्या 2 तासांत लहान तारा स्वतःच्या व्यासाइतका सरकला. ढळायला लागल्यापासून तळ सुटेपर्यंत 6 तास गेले, त्यात त्याची पुढची कड मोठ्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पोचली. म्हणून व्यासांचं प्रमाण 1:3.

किलोमीटर मात्र आलेखात नसतात. त्यासाठी वर्णपटातल्या रेषांच्या सरकण्यातून वेग काढावा लागतो. सापेक्ष वेग सेकंदाला 200 किमी निघाला, तर लहान ताऱ्याचा व्यास सुमारे 14.4 लाख किमी, म्हणजे जवळपास सूर्याएवढा, आणि मोठ्याचा 43.2 लाख.

मला सगळ्यात आवडतो तो यापुढचा पडताळा. सपाट तळाशी एकूण प्रकाशाचा 40 टक्के भाग उरला असेल, तर तो सगळा मोठ्या ताऱ्याचा, कारण लहान पूर्ण झाकलेला आहे. अर्ध्या फेरीनंतर लहान तारा मोठ्याच्या समोर येतो. व्यास एक तृतीयांश, म्हणून तो तबकडीचा नववा भाग झाकेल आणि प्रकाश 40 चा नववा भाग, म्हणजे साधारण साडेचार टक्के घटेल. वेळेवरून काढलेलं उत्तर असं खोलीवरून स्वतंत्रपणे तपासता येतं. (या दुसऱ्या ग्रहणाचा तळ किंचित गोलसर येतो, कारण ताऱ्याची तबकडी काठाकडे मंद असते.)

दोन उत्तरं जुळली नाहीत, तर मी आधी कक्षेच्या कलाकडे संशयाने बघतो. कक्षा थोडी तिरकी असली की लहान तारा मोठ्याच्या मधोमध न जाता वरच्या किंवा खालच्या बाजूने जातो. मग आत शिरायला जास्त वेळ लागतो, सपाट तळ आखूड होतो, आणि घड्याळ लहान ताऱ्याला आहे त्याहून मोठा ठरवतं. खोली मात्र तेच प्रमाण सांगत राहते. या तफावतीतूनच कक्षेचा कल मिळतो.

कल आणखी वाढला की ग्रहण खंडग्रास होतं आणि सपाट तळच नाहीसा होतो. अल्गोल या युग्मताऱ्याचं असंच आहे. 2.87 दिवसांची फेरी, पण तळाशी टोक. अशा वेळी मापांच्या बऱ्याच वेगवेगळ्या जोड्या जवळजवळ तोच आलेख देतात. तिथे एकट्या आलेखावर मी विसंबत नाही. प्रत्येक ताऱ्याचा एकूण प्रकाशातला वाटा वर्णपटावरून कळला, तरच त्यातली खरी जोडी निवडता येते.