काका, पासवर्ड आणि नऊशे रुपये

आज आमच्या पतसंस्थेत सीनियर लोकांना नव्या सॉफ्टवेअरसाठी तयार करायचं होतं, रात्री कागदावर लिहूनच काढलं की फायदे राहू देत, आधी त्यांच्या मनातली भीती आपणच मोठ्याने बोलायची. सुरुवातच केली, "काका, चुकीचं बटण दाबलं तर पैसे भलत्याच खात्यात जातील असं वाटतंय ना?" सगळे गप्प, मग कॅशियर काका हसले.

मी म्हटलं, तुम्ही एन्ट्री टाकली तरी दुसऱ्याने पास केल्याशिवाय ती खात्याला लागत नाही, आणि नंतर चूक कळली तर खोडायचं नाही, उलटी एन्ट्री करायची, वहीत करता तशीच. लाइट गेली तर यूपीएसवर काम सेव्ह करायचं, तोवर पावत्या हाताने, मग चढवायच्या. डबल काम आहे, ते लपवलं नाही.

खरा प्रश्न शेवटी आला, "मग आमची गरज काय?" वचन द्यायचा अधिकार मला नाही, तसं सांगितलं आणि फक्त कालच्या ट्रायलची आठवण करून दिली. वहीत आणि कॉम्प्युटरवर ९०० चा फरक, मी तासभर शोधतोय, काका म्हणाले ९ ने भाग जातोय म्हणजे आकडे उलटे पडलेत बघ. निघालंच, ५,४०० चे ४,५०० झालेले. सॉफ्टवेअरने मुकाट घेतलं होतं, आणि पास करणारा मीच!

आता महिनाभर दोन्ही चालू, रोज संध्याकाळी टॅली. काकांनी पासवर्ड डायरीच्या पहिल्याच पानावर लिहिलाय, त्याचं उद्या बघू 😄