तुम्ही विचारलंत म्हणून: बारावी फिजिक्सचे दहा वर्षांचे पेपर

"सर, दहा वर्षांचे पेपर मोजले, जास्त वेळा आलेल्या धड्यांना जास्त वेळ दिला. चुकतंय कुठे?"

मोजण्यात नाही, 'दहा' या आकड्यात चुकतंय. नवी पेठेतून पेपरसंच आणून मुलं 2016 ते 2025 सरसकट मोजतात, पण तो एका अभ्यासक्रमाचा हिशोब होत नाही. महाराष्ट्र बोर्डाचं बारावीचं पुस्तक 2020-21 मध्ये बदललं. 2021 ची बोर्डाची परीक्षा रद्द झाली आणि 2022 ची कमी केलेल्या अभ्यासक्रमावर झाली. म्हणजे आजच्या पूर्ण 16 धड्यांवरचे पेपर 2023 पासूनचेच.

याचा फटका कसा बसतो ते थर्मोडायनॅमिक्सवर बघा. जुन्या पुस्तकात हा स्वतंत्र धडा नव्हता, त्यामुळे 2020 पर्यंतच्या पाच पेपरांत त्याच्यापुढे शून्य लागतं. 2022 ते 2025 चे गुण मिळवूनही बेरीज लहानच राहते आणि धडा तक्त्याच्या तळाशी जातो. उलट ग्रॅव्हिटेशन वर चढतं, जे आता बारावीच्या पुस्तकातच नाही, अकरावीत गेलंय. एसी सर्किट्सचंही तेच: पूर्वी तो भाग इंडक्शनच्या धड्यात होता, म्हणून जुने प्रश्न त्या नावाखाली मोजले जातात. तक्ता नीटनेटका दिसतो, बेरीजही जुळते, म्हणून चूक लक्षात येत नाही. ओळखायची खूण एकच. तक्त्यातलं प्रत्येक नाव आजच्या अनुक्रमणिकेत शोधा. एक जरी सापडलं नाही, तरी बेरीज पुन्हा करा.

प्रश्न नव्हे, गुण मोजा, हे मी आधीपासून सांगत आलो. पण तेही अपुरं होतं. पेपर 70 गुणांचा असला तरी पर्याय धरून 98 गुणांचे प्रश्न छापलेले असतात, तेव्हा बेरीज 98 ची आली पाहिजे. आणि धड्याधड्याचे गुण बोर्ड स्वतःच आराखड्यात देतं. मग दहा वर्षं मोजून तेच पुन्हा शोधण्यात महिना का घालवायचा?

मोजायचं ते धड्याच्या आत. रोटेशनल डायनॅमिक्समध्ये बँक्ड रोड, व्हर्टिकल सर्कल, पॅरलल अॅक्सिस थिअरम अशा ओळी करा. प्रत्येक ओळीसमोर डेरिव्हेशन, न्यूमेरिकल, एका गुणाचा प्रश्न असे तीन रकाने ठेवा. इथे जुने पेपरही चालतात, कारण पॅरलल अॅक्सिस थिअरम तेव्हाही होता, आजही आहे. फक्त जुन्या-नव्याच्या खुणा वेगळ्या शाईने करा.

तरी वाद उरतोच. 2023, 2024, 2025 चे मुख्य आणि पुरवणी मिळून सहाच पेपर होतात. सहापैकी चारदा आलेलं आणि दोनदा आलेलं यांतला फरक योगायोगाचाही असू शकतो. म्हणून दोनदा आलेलं सोडा, असं मी सांगणार नाही. या मोजणीवरून उजळणीचा क्रम लावा. तास ठरवायचे ते सराव पेपरात त्या धड्याचे किती गुण गेले, ते बघून.